तारुण्यपीटिका : एका आरोपाचा इतिहास



राज्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण या व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकला आहे. आज ज्या विषयाचा इतिहास सांगायचा आहे, तो विषय कोणत्याही बखरीत आढळणार नाही. तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या कपाळावर आणि गालांवर उमटतो, पाचसात वर्षे राहतो आणि बहुतेकांच्या बाबतीत निघून जातो. मी बोलतो आहे ते मुरुमांविषयी. शुद्ध भाषेत सांगायचे तर तारुण्यपीटिकांविषयी.

या पुटकुळ्यांना इतिहास कसला, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर असे की, मुरुमांचा इतिहास हा मुख्यतः एका आरोपाचा इतिहास आहे. चेहऱ्यावर पुळी दिसली की पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न 'यावर औषध काय' हा येत नाही. 'याने काय केले म्हणून हे झाले' हा येतो. कोणी म्हणतो, तळकट खाल्ले. कोणी म्हणतो, तोंड नीट धुतले नाही. कोणी म्हणतो, पोट साफ नाही, अंगात उष्णता वाढली, रक्त बिघडले. आणि काही जण जे तोंडाने बोलत नाहीत, ते नजरेने सुचवतात. मुलाला दुखते ते पुळीपेक्षा या आरोपाने. तो आरोप कोठून आला आणि शास्त्राने तो कसा खोडून काढला, एवढेच आज पाहू.

आरंभ आपल्याच घरापासून करू. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात या विकाराचे वर्णन आहे. क्षुद्ररोग म्हणजे लहानसहान रोग. तेथे त्याला मुखदूषिका, म्हणजे मुखाला दूषित करणारी, असे नाव असून ती तरुणांच्या तोंडावर येते आणि सावरीच्या काट्यासारखी दिसते, असे सांगितले आहे. सावरीचे झाड ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही उपमा किती अचूक आहे हे कळेल. त्या झाडाच्या सालीवरचा काटा बुडाशी रुंद आणि टोकाशी निमुळता असतो. कारण म्हणून कफ, वात आणि रक्त यांचा प्रकोप सांगितला आहे. उपचार म्हणून वमन, आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप दिला आहे. हे उपचार आज कोणी आंधळेपणाने करावेत असे मी म्हणत नाही; मोहरीच्या लेपाने नाजूक कातडी पोळेल. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या वर्णनात वयाचा उल्लेख आहे, दोषांचा उल्लेख आहे. रोग्याच्या चारित्र्याविषयी एक अक्षर नाही.

रोमन वैद्यकग्रंथकार सेल्सस इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. त्याचा सूर निराळा. पुटकुळ्या, वांग असल्या गोष्टींवर उपचार करणे हा जवळजवळ वेडेपणाच. पण बायकांना रूपाची काळजी करण्यापासून कोणी थांबवू शकत नाही, म्हणून लिहावे लागते, अशा अर्थाचे तो लिहितो. 'हे काय औषध घेण्यासारखे दुखणे आहे काय' हे आपल्या घरांतून ऐकू येणारे वाक्य असे दोन हजार वर्षांचे जुने आहे.

तुच्छता एकवेळ सोसवते. खरा आरोप सुरू झाला तो अठराव्या शतकात. स्वित्झर्लंडमधील तिसो नावाच्या प्रसिद्ध डॉक्टराने १७६० साली हस्तमैथुनाच्या दुष्परिणामांवर फ्रेंच भाषेत एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले आणि शंभर-सव्वाशे वर्षे युरोपातले आईबाप, शिक्षक आणि धर्मोपदेशक त्याचा आधार घेत राहिले. त्या पुस्तकाने लावलेल्या अनिष्टांच्या लांबलचक यादीत तोंडावरच्या पुटकुळ्याही होत्या. याचा परिणाम काय झाला, याची कल्पना करून पाहा. इतर सारी पापे माणसाला लपवता येतात; पण ज्याच्या गालावर पुळी उठली, त्याने जणू आपला कबुलीजबाब चेहऱ्यावर लिहून चारचौघांत फिरावयाचे! ज्या वयात मन आधीच भेदरलेले असते, त्या वयात हे ओझे वाहणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या गेल्या.

ही समजूत युरोपापुरती राहिली नाही. वीर्यनाशाच्या भीतीवर पोसलेले वाङ्मय आपल्याकडेही भरपूर झाले. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत एकट्याच्या बळावर चालवले. अशा भीतीला वैद्यकीय आधार नाही, हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले आणि त्यासाठी खटले आणि निंदाही सोसली. त्यांचे ऐकले असते, तर आपल्याकडच्या पुष्कळ मुलांच्या मनावरचे दडपण दोन पिढ्या आधी उतरले असते.

आता शास्त्राकडे वळू. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक यंत्र डॉक्टरांच्या मेजावर आले. १८४२ साली बर्लिनमध्ये गुस्ताव सायमन याला मुरुमातल्या स्निग्ध पदार्थात एक सूक्ष्म किडा सापडला. पण तो किडा निरोगी माणसाच्या कातडीतही सुखाने राहतो, असे पुढे आढळले. शतकाच्या अखेरीस उन्ना आणि साबूरो यांनी मुरुमातले जंतू दाखवले. तेही जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या कातडीत असतात, असे निघाले. पण लोकांनी यातून अर्थ काढला तो एवढाच की, किडा आहे, जंतू आहे, म्हणजे घाण आहे! पापाच्या आरोपाच्या जोडीला अस्वच्छतेचा आरोप आला.

या आरोपाचा निकाल लावण्यासाठी पुळी कशी होते हे थोडे समजून घ्यावे लागेल. आपल्या चेहऱ्यावर, छातीवर आणि पाठीवर केसांची असंख्य सूक्ष्म छिद्रे आहेत. प्रत्येक छिद्राच्या भिंतीला एक तैलग्रंथी चिकटलेली असते आणि तिचे तेल त्या छिद्रावाटे बाहेर येते. वयात येताना ही ग्रंथी फुगते आणि तेल अधिक सोडू लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसते. बूच उघड्या तोंडाशी असले तर त्याचे टोक काळे दिसते. तो काळेपणा धुळीचा नव्हे. कातडीतले रंगद्रव्य आणि हवा लागून बदललेले स्निग्ध पदार्थ यांचा तो रंग आहे, आणि साबणाने तो जाणार नाही. तोंड बंद असले तर बारीक पांढरा दाणा दिसतो. आत कोंडलेल्या तेलावर नेहमीचेच जंतू वाढतात, भोवती दाह होतो आणि लाल, दुखरी पुळी तयार होते. ही सारी घडामोड आत, कातडीच्या खाली चालते. म्हणून दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुणे पुरे. जो मुलगा आठ वेळा खसाखसा तोंड धुतो, त्याची कातडी कोरडी पडते, चुरचुरते आणि दाह वाढतो.

पण ग्रंथी फुगते कशाने? याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. झुरिकच्या ब्रूनो ब्लॉख याने हजारो शाळकरी मुलामुलींची कातडी तपासून १९३१ साली निष्कर्ष मांडला. वयात येण्याच्या इतर खुणा जसजशा दिसतात, तसतसे कातडीत बूच बसू लागते, आणि ही घटना इतकी सार्वत्रिक आहे की ती यौवनाच्या आगमनाचाच एक भाग मानावी, असे त्याला आढळले. पुढे १९४१ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन याने अधिक नेमका पुरावा दिला. ज्या पुरुषांचे वृषण वयात येण्यापूर्वीच निकामी झाले किंवा काढले गेले होते, त्यांना मुरूम येत नसत. त्यांना पुरुषी संप्रेरक टोचल्यावर मात्र त्यांच्यापैकी काहींच्या तोंडावर ते उठले. म्हणजे पुळीला खतपाणी घालणारी गोष्ट खाण्यात नव्हती, घाणीत नव्हती, मनातल्या विचारांत तर मुळीच नव्हती. ज्या संप्रेरकाने मुलाला मिसरूड फुटते, त्याच संप्रेरकाने पुळी येते. मुलींच्या शरीरातही हे संप्रेरक थोड्या प्रमाणात तयार होते. म्हणून त्यांचीही सुटका नाही.

हॅमिल्टनच्या पुराव्यातला 'काहींच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. संप्रेरक सर्वांत असते, पण त्याला प्रतिसाद किती द्यायचा हे ज्याच्या त्याच्या ग्रंथीचे बीज ठरवते. बापाच्या गालावर खड्डे असतील तर मुलाला जपावे लागते, ते यामुळे. मुरूम असलेल्या बहुतेकांच्या रक्तातले संप्रेरक तपासले तर ते प्रमाणातच निघते. मात्र एखाद्या मुलीला मुरुमांबरोबर पाळी फार अनियमित येत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

राहिला खाण्याचा आरोप. येथे एका प्रयोगाची हकीकत तपशिलाने सांगण्यासारखी आहे. कारण शास्त्रही कसे चुकते, हे तिच्यात दिसते. १९६९ साली फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या तिघांनी चॉकलेटची परीक्षा घेतली. पासष्ट माणसे निवडली. तीस दवाखान्यात येणारी किशोरवयीन मुले आणि पस्तीस तुरुंगातले तरुण कैदी. प्रत्येकाला चार आठवडे रोज एक भली मोठी चॉकलेटची वडी दिली. नेहमीच्या वडीच्या दसपट चॉकलेट तिच्यात होते. मग तीन आठवडे विश्रांती, आणि पुन्हा चार आठवडे तशीच दिसणारी, पण चॉकलेट नसलेली वडी. पुळ्या मोजल्या. दोन्ही वेळी फरक जवळजवळ काहीच नव्हता. चॉकलेट निर्दोष ठरले आणि पुढची तीसपस्तीस वर्षे 'खाण्याचा मुरुमांशी संबंध नाही' असे वैद्यकाची पुस्तके सांगत राहिली.

पण ती चॉकलेट नसलेली वडी होती कशाची? तिच्यात वनस्पती तूप आणि साखर भरपूर होती. म्हणजे तुलना झाली ती एका गोड, तुपकट वडीची दुसऱ्या गोड, तुपकट वडीशी! कोकोचा दोष नाही एवढे त्यातून सिद्ध झाले. साखरेची परीक्षा झालीच नव्हती. शिवाय चार आठवडे हा काळही अपुरा होता. कातडीत बूच बसून त्याची पुळी व्हायला याहून अधिक दिवस लागू शकतात. पुढे २००७ साली ऑस्ट्रेलियात स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा आठवड्यांचा प्रयोग केला. ज्या तरुणांनी साखर-मैद्याचे पदार्थ कमी करून सावकाश पचणारे अन्न घेतले, त्यांच्या पुळ्या इतरांपेक्षा अधिक कमी झाल्या. मात्र त्यांचे वजनही उतरले होते. म्हणून सारे श्रेय आहाराला देता येत नाही. तेव्हा आजचे तारतम्य असे : ज्याच्या पुळ्या जात नाहीत त्याने शीतपेये, बिस्किटे, मिठाई दोन-तीन महिने कमी करून पाहावे, पण श्रीखंडपुरीच्या पंगतीत बसलेल्या मुलाला सर्वांदेखत 'तुझ्या तोंडाकडे बघ आणि मग खा' असे सांगण्याइतका पुरावा कोणाजवळही नाही.

आरोपाच्या पाठोपाठ बाजार येतो. १९३०च्या दशकात अमेरिकेत यीस्टच्या वड्या मुरुमांवरचा उपाय म्हणून विकल्या गेल्या. जाहिरातीत तोंडावर पुळ्या आलेला मुलगा नृत्याच्या समारंभात एकटा पडायचा, वडी खायचा आणि पुढच्या चित्रात मित्रांच्या घोळक्यात दिसायचा. विकली जात होती ती वडी. आणि पेरली जात होती ती लाज. त्याहून भयंकर गोष्ट क्ष-किरणांची. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुढे कित्येक दशके मुरुमांवर क्ष-किरण सोडत असत. तैलग्रंथी सुकत, चेहरा स्वच्छ होई. आणि पुष्कळ वर्षांनी त्यांतल्या काहींना कातडीचा आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे दिसून आले.

आपल्या काळातली अशीच गोष्ट स्टेरॉइडयुक्त मलमांची आहे. रंग उजळण्यासाठी म्हणून ही मलमे शेजारणीच्या किंवा दुकानदाराच्या सल्ल्याने घरात येतात. ओळखण्याची खूण अशी : पहिल्या आठवड्यात जादू झाल्यासारखा चेहरा नितळ होतो, मलम थांबवले की चेहरा लाल होऊन जळजळतो आणि पुळ्या दुप्पट उठतात, म्हणून पुन्हा मलम. असे काही महिने गेले की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुलींच्या गालावर लव वाढते. भारत सरकारने २०१८ साली अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरी नळीवरची औषधांची नावे वाचून, शंका आल्यास कातडीच्या डॉक्टरांना दाखवावी. असे मलम फार दिवस लावले असेल तर तेही त्यांच्याच सल्ल्याने थांबवावे.

मग गुण कशाने येतो? सौम्य मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइडचे अडीच टक्क्यांचे मलम पुष्कळदा पुरते. दहा टक्क्यांचे त्याहून फारसे अधिक गुणकारी नसते, पोळते मात्र जास्त. टॉवेलाचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग त्याने उडतो, हे आधीच सांगून ठेवावे. बूच सुटे करणारी ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलीन ही मलमे रात्री, अगदी थोडी, पुळीवर ठिपक्यासारखी नव्हे तर साऱ्या भागावर लावायची असतात. या मलमांनी पहिले दोन-तीन आठवडे कातडी सोलते, आणि पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. येथेच बहुतेक मुले औषध सोडतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे आणि नीट गुण यायला तीन महिने लागतात. पोटात घेण्याच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाने हट्टी मुरूमही जातात. पण गर्भावर त्याचा अत्यंत घातक परिणाम होतो. म्हणून ते, आणि गर्भसंभव असल्यास वरची रात्रीची मलमेही, डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. घरगुती उपायांत लिंबाचा रस आणि दात घासण्याची पेस्ट यांनी कातडी भाजते, आणि कपाळापर्यंत ओघळणारे केसांचे तेल छिद्रे बुजवते.

आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना एक भेद ठाऊक असणे फार जरूर आहे. पुळी गेल्यावर जो काळसर डाग राहतो, तो कायमचा नव्हे. उन्हापासून जपले तर तो काही महिन्यांत, कधी वर्षभरात, फिका होत जातो. पण खोल, गाठीसारख्या पुळ्यांनी पडणारा खड्डा आपोआप भरत नाही. पुळी फोडल्याने दोन्ही वाढतात. म्हणून गाठी दिसू लागताच डॉक्टर गाठावा. 'वयाबरोबर जाईल' हे म्हणणे पुळ्यांपुरते बहुधा खरे ठरते. खड्ड्यांच्या बाबतीत ते खोटे आहे.

आता मनाच्या खड्ड्यांविषयी. १९४८ साली सुल्झबर्गर आणि झायडेन्स या दोन अमेरिकन डॉक्टरांनी असे नोंदवले की, मुलाच्या मनाला इतका घाव घालणारा आणि आईबाप व मुले यांच्यात इतका बेबनाव करणारा दुसरा रोग क्वचितच असेल. बेबनाव कसा होतो, हे आपण रोज पाहतो. लग्नघरात मावशी भेटते आणि कुशल विचारण्याआधी म्हणते, "अगं बाई, हे तोंडाला काय झालं गं?" चार माणसे वळून पाहतात. आई संकोचाने म्हणते, "ऐकतच नाही हो, सारखं वडापाव." त्या क्षणी मुलगी दोनदा दुखावते, एकदा मावशीच्या प्रश्नाने आणि एकदा आईच्या साक्षीने.

यावर उपाय अवघड नाही. मुरुमांविषयी घरात बोलायचे ते एकट्याशी, मुलाने विषय काढला तर, आणि औषधापुरते. चारचौघांत कोणी विषय काढलाच तर आईने किंवा बापाने सहजपणे, "वयाचं आहे, औषध चालू आहे," एवढे म्हणावे आणि बोलणे दुसरीकडे न्यावे. हेच वाक्य मुलालाही शिकवून ठेवावे. उत्तर तयार असले की प्रश्नाची धास्ती निम्मी होते. औषध लागू पडेपर्यंतच्या त्या तीन महिन्यांत खेळ, गाण्याचा वर्ग, मित्रांकडे जाणे, यांतले काहीही 'चेहरा नीट झाल्यावर' म्हणून पुढे ढकलू देऊ नये. कारण एकदा सुटलेली संगत पुळ्या गेल्यावर आपोआप परत येत नाही. आणि रोज तपासणी नको. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात चेहरा पाहावा. रोज आरशात पाहणाऱ्याला सुधारणा कधीच दिसत नाही.

काही खुणा मात्र दुर्लक्षू नयेत. मुलगा शाळा चुकवू लागला, छायाचित्रातून सरकून उभा राहू लागला, तासन् तास पुळ्या खरवडत बसला, जेवण-झोप उडाली, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागला, तर पुळ्या किती थोड्या आहेत हे मोजत बसू नये. मनाचा त्रास पुळ्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो. अशा वेळी कातडीच्या डॉक्टरांबरोबरच मनाच्या डॉक्टरांकडेही विनाविलंब जावे.

सुश्रुताने ज्या विकाराला वयाशी जोडले, त्याला मधल्या काळाने पापाशी, घाणीशी आणि जिभेच्या चोचल्यांशी जोडले. ब्लॉख आणि हॅमिल्टन यांनी तो पुन्हा वयाशी नेऊन जोडला. आरोपी निर्दोष सुटून ऐंशीहून अधिक वर्षे झाली. निकालाची प्रत तेवढी अजून आपल्या घरोघरी पोचलेली नाही.